एकाच डॉलरचे पाच भाव

इचलकरंजी परिसरातल्या एका सूतगिरणीने बांगलादेशातल्या कापड कारखान्याला दोन कंटेनर सूत विकले, असे समजू. किंमत ठरली एक लाख डॉलर. खरेदीदाराच्या वतीने ढाक्याच्या बँकेने एलसी उघडली, न्हावा शेवाहून माल चितगावकडे निघाला आणि गिरणीने सगळी कागदपत्रे आपल्या बँकेत नेऊन दिली. सौदा, एलसी, जहाज, बँक आणि शेवटी प्रत्यक्ष पैसे येणे या पाच टप्प्यांच्या तारखा पाच, आणि प्रत्येक तारखेला डॉलरचा भाव वेगळा. मग गिरणीच्या खात्यात रुपये जमा होणार ते कोणत्या भावाने?

एलसीचा कागद उलटसुलट वाचला तरी याचे उत्तर सापडत नाही. त्यात डॉलर असतात, रुपयाचा उल्लेखही नसतो. जगभरच्या बँका एलसीसाठी ज्या नियमांनुसार चालतात, ते पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे ‘यूसीपी ६००’ १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यातली ३९ कलमे कागदपत्रे कशी असावीत, बँकेने ती किती दिवसांत तपासावीत, खोट निघाली तर काय करावे हे बारकाईने सांगतात. बीजक एलसीच्याच चलनात असले पाहिजे, असेही त्यात आहे. पण त्या चलनाचे स्थानिक पैशात रूपांतर कोणत्या दराने व्हावे, यावर हे नियम गप्प आहेत. तो व्यवहार गिरणी आणि तिची स्वतःची बँक यांच्यातला असतो. ढाक्याच्या बँकेने एक लाख डॉलर देण्याची हमी दिलेली असते. त्या डॉलरचे किती रुपये झाले, याच्याशी तिला देणेघेणे नसते.

उत्तराचे सूत्र मात्र सोपे आहे. बँक ज्या दिवशी ग्राहकाकडून डॉलर विकत घेते किंवा त्याला विकते, त्या दिवसाचा भाव लागतो. सौद्याची, एलसी उघडल्याची किंवा माल जहाजावर चढल्याची तारीख इथे कामाची नाही. गोंधळ होतो तो पुढच्या प्रश्नावर: खरेदी-विक्री नेमकी कोणत्या क्षणी झाली असे मानायचे?

त्याआधी भावांची नावे पाहून घेऊ. सराफाकडे सोने घेण्याचा आणि मोडीचा भाव वेगळा असतो, तसेच बँकेचे आहे. ‘बाइंग’ आणि ‘सेलिंग’ हे शब्द नेहमी बँकेच्या बाजूने वाचायचे. निर्यातदार डॉलर आणतो तेव्हा बँक खरेदीदार, आयातदार डॉलर मागतो तेव्हा बँक विक्रेती. या प्रत्येक बाजूचे पुन्हा दोन प्रकार. परदेशातून पैसे बँकेच्या खात्यात आधीच आलेले असतील, तर निर्यातदाराला ‘टीटी बाइंग’ दर मिळतो. पैसे यायचे आहेत, पण बँक कागदपत्रांवर ते आधीच देते, तेव्हा ‘बिल बाइंग’ दर लागतो. तो टीटी बाइंगपेक्षा सहसा थोडा कमी असतो. आयातीच्या बिलाचे पैसे चुकते करताना ‘बिल सेलिंग’, आणि कागदपत्रे हाताळण्याचा संबंध नसलेल्या परदेशी भरण्यासाठी ‘टीटी सेलिंग’. ही विभागणी फेडाय या १९५८ मध्ये स्थापन झालेल्या परकीय चलन व्यवहार करणाऱ्या बँकांच्या संघटनेच्या नियमांतून रूढ झाली. बाजारभावात बँकेने किती मार्जिन मिळवायचे किंवा वजा करायचे, हे आता ज्याची त्याची बँक ठरवते.

आता गिरणीकडे परत येऊ. एलसी ‘ॲट साइट’ आहे, म्हणजे कागदपत्रे बरोबर असतील तर ढाक्याच्या बँकेने ती पाहताच पैसे द्यायचे. गिरणीने बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, उत्पत्तीचा दाखला असा संच सोमवारी बँकेत दिला. बँकेने तो तपासला आणि बुधवारी ‘निगोशिएट’ केला. यूसीपीच्या व्याख्येनुसार निगोशिएट करणे म्हणजे एलसीने नेमलेल्या बँकेने कागदपत्रे विकत घेणे: परदेशातून पैसे यायच्या आधी निर्यातदाराला रक्कम देणे किंवा देण्याचे कबूल करणे. म्हणजे खरेदी झाली बुधवारी. लागणारा भाव बुधवारचा. सोमवारी कागद काउंटरवर दिले तेव्हा डॉलर वर होता, ही तक्रार बँकेत टिकत नाही, कारण सोमवारी बँकेने काही विकत घेतलेलेच नव्हते. तपासणीसाठी यूसीपी बँकेला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस देते. बाजार अस्थिर असेल तर या दिवसांतही भाव बराच हलू शकतो.

समजण्यासाठी आकडे धरू. बुधवारी बाजारात डॉलर ८६ रुपये आहे आणि बँकेचे मार्जिन ०.१५ टक्के. बिल बाइंग दर पडला ८५.८७. एक लाख डॉलरचे ८५ लाख ८७ हजार रुपये झाले. पण बँकेने हे पैसे आधी दिले आहेत. तिच्या परदेशातल्या नोस्ट्रो खात्यात ते नंतर येणार. मधल्या दिवसांचे व्याज ती घेते. परकीय चलनातल्या निर्यात बिलासाठी हा ‘ट्रान्झिट’ काळ २५ दिवस धरण्याची पद्धत आहे. व्याजदर ९ टक्के धरला तर २५ दिवसांचे व्याज सुमारे ५२ हजार ९०० रुपये. गिरणीच्या हाती, इतर शुल्क सोडून, साधारण ८५ लाख ३४ हजार. गिरणीने सूत कातण्यासाठी आधी पॅकिंग क्रेडिट घेतले असेल तर बँक ते यातून वळते करून घेते आणि उरलेले खात्यात टाकते.

यानंतर डॉलर ८४ वर उतरला किंवा ८९ वर चढला, तरी गिरणीला त्याचे सुखदुःख नाही. तिने आपले डॉलर विकून टाकले. पैसे बाविसाव्या दिवशी आले आणि त्या दिवशी भाव जास्त होता म्हणून फरक मागता येत नाही. पैसे चाळिसाव्या दिवशी आले तर जास्तीच्या दिवसांचे व्याज द्यावे लागेल, पण भाव तोच. एक छोटी कटकट मात्र उरते. ढाक्यातली किंवा वाटेतली बँक आपले शुल्क कापून घेते आणि एक लाखाऐवजी, समजा, ९९ हजार ९२० डॉलर पोचतात. कमी पडलेले ८० डॉलर बँक गिरणीकडून वसूल करते, आणि ते त्या दिवसाच्या टीटी सेलिंग दराने. कारण आता बँक ते डॉलर गिरणीला ‘विकते’ आहे. निर्यात करूनही स्टेटमेंटवर विक्रीचा दर का दिसतो, असा प्रश्न अनेक हिशेबनीसांना पडतो. त्याचे कारण हेच.

एलसी नव्वद दिवसांच्या मुदतीची असेल तर हिशेबात आणखी एक गोष्ट शिरते. भारतीय बाजारात पुढच्या तारखेचा डॉलर सहसा आजच्यापेक्षा महाग असतो. या फरकाला प्रीमियम म्हणतात. बँकेला डॉलर तीन महिन्यांनी मिळणार, म्हणून बिल बाइंग दर काढताना ती पूर्ण झालेल्या महिन्यांचा प्रीमियम भावात मिळवते. त्यामुळे मुदतीच्या बिलाचा दर साइट बिलापेक्षा चढा दिसतो. पण दुसऱ्या हाताने ती तेवढ्या दिवसांचे व्याज आधीच कापून घेते. दोन बँकांची तुलना करताना नुसता दर न पाहता, व्याज वजा जाऊन हाती काय येते ते पाहावे लागते.

इथपर्यंत कागदपत्रे निर्दोष आहेत असे धरले. प्रत्यक्षात त्यांत खोट निघणे ही रोजची बाब आहे. बिल ऑफ लेडिंगची तारीख एलसीतल्या शेवटच्या तारखेनंतरची, बीजकावरचे मालाचे वर्णन एलसीशी न जुळणारे, किंवा माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद सादर न झालेले. अशा वेळी परदेशी बँकेची हमी डळमळते. मग गिरणीची बँक म्हणते, आम्ही निगोशिएट करणार नाही, कागद ‘कलेक्शन’वर पाठवतो. एलसी तीच, माल तोच, पण भावाची तारीख बदलली. आता बँकेने काहीच विकत घेतलेले नाही. ढाक्याचा खरेदीदार खोटी मान्य करील, त्याची बँक पैसे पाठवील, ते नोस्ट्रो खात्यात जमा होतील आणि त्यानंतर रूपांतर होईल, टीटी बाइंग दराने.

पैसे पस्तिसाव्या दिवशी आले आणि बाजारात डॉलर तोवर ८४.६० वर आला असेल, तर ०.०८ टक्के मार्जिन जाऊन दर मिळेल ८४.५३ च्या आसपास. गिरणीला ८४ लाख ५३ हजार मिळतील. निगोशिएट झाले असते तर व्याज जाऊनही ८१ हजार जास्त मिळाले असते. उलट डॉलर ८७ वर गेला असेल तर याच गिरणीला ८६ लाख ९३ हजार मिळतील आणि व्याजही वाचेल. बीजकावरच्या मालाच्या वर्णनातला एक शब्द चुकल्याने तिच्याकडे डॉलरचा सट्टा आला, तिने तो मागितला नसतानाही.

पैसे आले तरी लगेच रुपये करायलाच हवेत असे नाही. निर्यातदार ते ईईएफसी नावाच्या परकीय चलन खात्यात ठेवू शकतो. मात्र एका महिन्यात जमा झालेली रक्कम, मंजूर कामांसाठी वापरलेली सोडून, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत रुपयांत बदलावी लागते. भाव पाहून थांबण्याची मुभा एवढीच.

सगळ्यात महागात पडणारा प्रसंग वेगळाच आहे. बँकेने निगोशिएट केले, रुपये दिले, आणि परदेशातून पैसे आलेच नाहीत. बांगलादेशाच्या बाबतीत ही नुसती कल्पना नाही. २०२२ नंतर तिथे डॉलरची टंचाई झाली आणि एलसी असूनही अनेक निर्यातदारांचे पैसे रखडले. एलसीला गिरणीच्याच बँकेने स्वतःची पक्की हमी, म्हणजे ‘कन्फर्मेशन’ जोडली असेल, तर तिला निर्यातदाराकडे मागे वळता येत नाही. पण बहुतेक निगोशिएशन ‘विथ रिकोर्स’ असते: पैसे आले नाहीत तर परत घेऊ, या अटीवर.

तेव्हा बँक ठरावीक दिवस वाट पाहते. किती दिवस, हे पूर्वी फेडायचे नियम सांगत. अपेक्षित तारीख उलटल्यावर तीस दिवस, अशी पद्धत होती. आता प्रत्येक बँक आपले धोरण ठरवते. तो दिवस आला की ‘क्रिस्टलायझेशन’ होते. डॉलरमधले थकीत बिल रुपयांतल्या कर्जात बदलले जाते. भाव लागतो त्या दिवसाचा टीटी सेलिंग. कारण बुधवारी गिरणीने बँकेला विकलेले डॉलर आता तिने जणू परत विकत घ्यायचे आहेत. बाजारात डॉलर ८८ असेल तर विक्रीचा दर ८८.१३ च्या आसपास निघेल. घेतले होते ८५ लाख ८७ हजार, नावे पडले ८८ लाख १३ हजार. दोन लाख २६ हजारांचा फटका, आणि वर थकीत रकमेवरचे व्याज. पुढे कधीतरी पैसे आले तर ते त्या दिवसाच्या टीटी बाइंग दराने जमा होतील. डॉलर उतरला असेल तर क्रिस्टलायझेशनच्या वेळी फरक ग्राहकाच्या बाजूने जातो की नाही, हे बँकेच्या धोरणात पाहावे लागते. ते सर्वत्र सारखे नाही.

आयातदाराच्या बाजूला हेच गणित उलटे फिरते, आणि त्याचा सर्वांत बोलका दाखला २०१३ मधला आहे.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता. तेव्हा दोन लाख डॉलरच्या मालासाठी एलसी उघडणाऱ्या आयातदाराने एक कोटी आठ लाखांचा हिशेब मांडला असणार. बँकही त्याच दिवसाच्या भावाने मर्यादा अडवते आणि मार्जिनची रक्कम बाजूला काढून घेते. इथेच अनेकांचा समज होतो की भाव ठरला. तो फक्त नोंदीपुरता असतो. एलसी उघडणे हे बँकेचे वचन आहे. त्या दिवशी एकही डॉलर विकला जात नाही.

एलसी बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून नव्वद दिवसांची आहे असे धरू. २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्की यांनी रोखेखरेदी आवरती घेण्याचे सूतोवाच केले आणि उगवत्या देशांतून पैसा बाहेर पडू लागला. ३० मे रोजी माल जहाजावर चढला तेव्हा डॉलर ५६ च्या वर होता. कागदपत्रे आली, आयातदाराने बिल स्वीकारले, माल सोडवला, विकलाही. या स्वीकृतीनेही भाव ठरत नाही; तिने फक्त देण्याची तारीख पक्की होते. ३० मे पासून नव्वदावा दिवस म्हणजे २८ ऑगस्ट. त्या दिवशी रुपयाने तोवरचा नीचांक गाठला आणि डॉलर ६८.८० च्या आसपास बंद झाला. बँकेचे मार्जिन न धरताही दोन लाख डॉलरचे एक कोटी ३७ लाख ६० हजार. मालाची किंमत सव्वापट झाली होती, आणि तो माल मात्र जुन्या हिशेबाने विकून झालेला.

आयातदाराकडे तेवढे पैसे नसते तर? एलसीमुळे त्याच्या बँकेला परदेशात त्या दिवशी डॉलर द्यावेच लागतात. मुदतीच्या एलसीत ती देय तारखेलाच आयातदाराच्या नावे रुपयांतले कर्ज टाकते, बिल सेलिंग दराने. साइट एलसीत कागद आल्यावर थोडी सवड मिळते. दहाव्या दिवशी क्रिस्टलायझेशन करण्याची पद्धत रूढ आहे. तोवर परदेशी बँकेने नोस्ट्रो खात्यातून रक्कम उचललेली असते, म्हणून त्या दिवसापासूनचे व्याज लागते, पण भाव मात्र पैसे भरल्याच्या दिवसाचा. एकदा रुपयांत कर्ज नोंदले गेले की डॉलरशी संबंध तुटतो. ४ सप्टेंबरला रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, परदेशी ठेवी आणण्याच्या योजना आल्या आणि सप्टेंबरअखेर डॉलर ६३ च्या खाली उतरला. पण २८ ऑगस्टला ज्याचे देणे रुपयांत गोठले होते, त्याला या उताराचा एक पैसाही मिळाला नाही.

त्याच्या हाती एक उपाय होता. एलसी उघडल्यापासून देय तारखेपर्यंत कोणत्याही दिवशी तो ऑगस्टअखेरचा डॉलर फॉरवर्डमध्ये पक्का करू शकत होता. मेच्या सुरुवातीला त्यासाठी साधारण रुपया-सव्वा रुपया जास्त, म्हणजे ५५ च्या आसपास दर पडला असता. फॉरवर्ड करार असला की वर सांगितलेले तारखांचे सगळे नियम मागे पडतात आणि करारातला दर लागतो. निर्यातदारालाही हेच लागू. पण करार हे बंधन आहे. कागदात खोट निघून पैसे लांबले आणि करारात ठरलेल्या काळात डॉलर देता आले नाहीत, तर बँक करार रद्द करते किंवा पुढे ढकलते आणि भावातला फरक वसूल करते.

राहिला पाचवा भाव. आयात मालाच्या ‘बिल ऑफ एंट्री’वर किंवा निर्यातीच्या ‘शिपिंग बिला’वर जो विनिमय दर छापलेला असतो तो बँकेचा नसतो. तो सीमाशुल्क खात्याने अधिसूचित केलेला असतो, आयात आणि निर्यातीसाठी वेगवेगळा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४ नुसार तो दस्तऐवज सादर केल्याच्या तारखेचा दर मालाच्या मूल्यासाठी आणि शुल्कासाठी धरला जातो. बँकेत जाऊन ‘कस्टमने ८७ धरला, तुम्ही ८५.८७ कसा दिला’ असे विचारण्यात अर्थ नाही. दोन दर दोन वेगळ्या कामांसाठी आहेत.

मग तपासायचे काय? बँकेचा ॲडव्हाइस हातात आला की आधी बिलाचा प्रकार पाहायचा. अनेक बँकांत निगोशिएट केलेल्या बिलाच्या क्रमांकाआधी एफबीएन आणि कलेक्शनच्या बिलाआधी एफबीसी अशी अक्षरे असतात. पहिल्यात बिल बाइंग, दुसऱ्यात टीटी बाइंग दर असायला हवा. कलेक्शनच्या बिलाला बिल बाइंग दर लावलेला दिसला तर विचारणा करायला जागा आहे. त्यानंतर नोस्ट्रो खात्यात पैसे आल्याची तारीख आणि गिरणीच्या खात्यात रुपये पडल्याची तारीख यांत अंतर किती, ते पाहायचे. मोठ्या रकमेसाठी सकाळचा छापील कार्ड दर न स्वीकारता शाखेकरवी बँकेच्या ट्रेझरीकडून चालू भाव मागता येतो आणि फोनवर दर पक्का केल्याची वेळ लिहून ठेवता येते. त्या वेळी बाजारात भाव काय होता हे कळले, तर बँकेचे मार्जिन वजाबाकीनेच निघते. ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या ‘एफएक्स-रिटेल’ या मंचावर नोंदणी केलेल्या ग्राहकाला डॉलरचा बाजारभाव थेट दिसतो. तिथे बँकेचे शुल्क भावात मिसळलेले नसते, वेगळे आकारले जाते.